घरच्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट चालेल का? १२८ एमबी बघून घाबरलेल्या धाकट्या भावाला दादानं पाठवलेला मेसेज

रविवारची रात्र, साडेदहा वाजलेले. पुण्यातल्या रूमवर मी नुकताच जेवायला बसलो होतो आणि कराडहून धाकट्या भावाचे लागोपाठ सात मेसेज पडले.

त्यात तीन स्क्रीनशॉट होते, दोन रडणारे इमोजी होते आणि शेवटचा मेसेज होता, "दादा, आपला लॅपटॉप डबडं आहे का?"

विषय असा होता की त्याच्या वर्गातला मित्र दिवसरात्र व्हॅलोरंट खेळतो. पाच-पाच जणांच्या दोन टीमचा, गोळीबाराचा, फुकटात मिळणारा गेम. मित्राच्या टीममध्ये एक जागा रिकामी होती आणि ती आमच्या छोट्याला हवी होती. त्यानं घरच्या लॅपटॉपवर गेम टाकला, तर तो उघडेचना. मित्रानं सांगितलं, "तुमच्या लॅपटॉपला ग्राफिक्सच नाही, नवीन घे."

इथपर्यंत ठीक होतं. पण अर्ध्या तासानं पप्पांचा फोन आला. "छोट्या म्हणतोय लॅपटॉप गेला. गेमिंगवाला घ्यायला लागतो म्हणे. हप्त्यावर बघू का?"

आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाची बिलं, स्टॉक, जीएसटी असं सगळं त्याच लॅपटॉपवर. लॅपटॉप गेला म्हटल्यावर पप्पांना टेन्शन येणारच. मी त्यांना म्हटलं, "दोन दिवस थांबा, कुठंही सही करू नका." आणि छोट्याला एक लांबलचक मेसेज लिहिला.

तो मेसेज ऑफिसात दोघातिघांना दाखवला, तर प्रत्येकाच्या घरात हाच प्रश्न निघाला. म्हणून छोट्याच्या परवानगीनं तो इथं देतोय. घरातल्या खासगी गोष्टी काढल्यात, बाकी सगळं तसंच आहे.

छोट्या, पहिलं हे वाच

लॅपटॉप डबडं नाहीये. पण तुझ्या मित्राच्या कॉम्प्युटरसारखाही नाहीये. या दोन्हीच्या मधे कुठंतरी आपलं उत्तर आहे आणि ते शोधायला तू पाठवलेले तीन स्क्रीनशॉट पुरेसे आहेत.

सगळ्यात आधी "चालतो" या शब्दाचा अर्थ बघू. गेम म्हणजे शेवटी भराभर बदलणारी चित्रं. एका सेकंदात लॅपटॉप किती चित्रं काढून दाखवतो, त्या आकड्याला एफपीएस म्हणतात. ३० एफपीएस असेल तर एक चित्र साधारण ३३ मिलिसेकंद स्क्रीनवर टिकतं. ६० असेल तर १७ मिलिसेकंदच. व्हॅलोरंटमध्ये समोरचा कोपऱ्यातून डोकावतो आणि पुढच्या क्षणी तुला गोळी बसते. तिथं हा फरक हाताला जाणवतो.

आता गेमच्या कंपनीनं, म्हणजे रायट गेम्सनं दिलेली यादी बघ. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला ग्राफिक्समध्ये `Intel HD 4000` लिहिलंय आणि शेजारी ३० एफपीएस. दुसरीला `GeForce GT 730` आणि ६० एफपीएस. तिसरीला `GTX 1050 Ti` आणि १४४ एफपीएस.

लोक यादी बघतात आणि "मिनिमममध्ये बसतंय ना, झालं" म्हणतात. पण मिनिमम म्हणजे मजेत खेळता येईल असं नाही, तर कंपनीच्या मते गेम ३० चित्रांवर चालेल एवढंच. तुझ्या मित्राकडं 1050 Ti आहे, म्हणजे तो तिसऱ्या पायरीवर उभा राहून तुला खाली बघतोय. आपल्याला तिथं जायचंच नाहीये. आपल्या लॅपटॉपची स्क्रीन ६० हर्ट्झची आहे, म्हणजे ती सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलते. १४४ चित्रं काढली तरी तुला ती सगळी दिसणार नाहीत.

म्हणजे आपला प्रश्न एवढाच उरतो, की आपला लॅपटॉप दुसऱ्या पायरीच्या जवळ जातो का?

१२८ एमबीचा घोळ

तुझा पहिला स्क्रीनशॉट `dxdiag` चा आहे. त्यात Display टॅबमध्ये `Display Memory (VRAM): 128 MB` असं दिसतंय. गेमच्या यादीत १ जीबी व्हीरॅम मागितलीये. तू हिशेब केलास की १ जीबी पाहिजे, आपल्याकडं १२८ एमबी, म्हणजे खेळ खल्लास. तुझा मित्रही तेच म्हणाला.

इथंच गडबड झालीये.

मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे आणि त्या कार्डावर त्याची स्वतःची ४ जीबी मेमरी चिकटवलेली आहे. आपल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्याच पोटात आहे आणि त्याला स्वतःची मेमरी नाही. तो लॅपटॉपच्या रॅममधून लागेल तशी उधार घेतो. १२८ एमबी हा फक्त सुरुवातीला बाजूला काढून ठेवलेला तुकडा आहे, ती मर्यादा नाही. त्याच्याच खालची ओळ बघ, `Shared Memory` असं लिहून तिथं २ जीबीच्या आसपासचा आकडा आहे. गरज पडली की ग्राफिक्स तिथपर्यंत हात घालू शकतं.

त्यामुळं १२८ एमबी बघून "गेम चालणारच नाही" असं म्हणणं चूक. इंटेलचं असं ग्राफिक्स असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर तुला हाच आकडा दिसेल. आणि यादीतलं `HD 4000` हे पण असंच प्रोसेसरच्या पोटातलं, उधारीवर चालणारं, २०१२ सालचं ग्राफिक्स आहे. आपलं त्याच्यानंतर सात वर्षांनी आलेलं आहे.

पण उधार घ्यायला सावकाराकडं तरी पैसे पाहिजेत ना? खरी अडचण तिथं आहे.

खरा आजार रॅमचा आहे

आपल्या लॅपटॉपमध्ये एकूण रॅम ४ जीबी. २०२० मध्ये ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईत घेतला होता, तेव्हा या किमतीत तेवढीच मिळायची. आता त्यावर विंडोज ११ आहे. काहीही न उघडता टास्क मॅनेजर बघितलास तर अडीच-तीन जीबी आधीच भरलेली दिसेल. उरलेल्या जीबी-दीड जीबीत गेम बसणार, त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर बसणार आणि वर ग्राफिक्सही उधार मागणार. जागा संपली की विंडोज सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. आपली डिस्क जुनी फिरणारी आहे, एसएसडी नाही. ती ने-आण चालू असताना गेम अर्धा सेकंद, एक सेकंद गोठतो. आणि हे नेमकं समोर माणूस आला की होतं, कारण तेव्हाच नवीन आवाज, नवीन चित्रं एकदम लागतात.

हे झालं जागेचं. दुसरी अडचण वेगाची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

तुझ्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये, टास्क मॅनेजरच्या Performance टॅबमध्ये, Memory वर `Speed: 2667 MHz` आणि `Slots used: 1 of 2` असं दिसतंय. याचा अर्थ रॅमचा एकच तुकडा लागलाय आणि तो एकाच वाटेनं प्रोसेसरशी बोलतोय. हिशेब सोपा आहे. सेकंदाला २६६६ दशलक्ष खेपा, प्रत्येक खेपेला ८ बाइट. गुणाकार केला की सेकंदाला साधारण २१ जीबी. एवढ्याच वाटेवरून विंडोज, गेम आणि ग्राफिक्स तिघांनी जायचं. तुझ्या मित्राच्या 1050 Ti ला सेकंदाला ११२ जीबीची वाट आहे, ती पण एकट्या ग्राफिक्ससाठी.

आपल्या घरातली टाकी आठव. वरून खाली एकच पाइप. मम्मीनं खाली भांड्यांसाठी नळ सोडला की वर तुझ्या अंघोळीची धार बारीक. टाकीत पाणी भरपूर असतं, पण पाइप एकच असतो. लॅपटॉपमध्ये अगदी हेच चाललंय.

आता चांगली बातमी. दुसरा स्लॉट रिकामा आहे. त्यात रॅमचा अजून एक तुकडा बसवला की प्रोसेसर दोन्ही वाटा एकदम वापरतो. २१ चे जवळपास ४२ होतात. याला ड्युअल चॅनल म्हणतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर याचा फरक थोडा जाणवतो, पण आपल्यासारख्या उधारीच्या ग्राफिक्सवर खूप जाणवतो, कारण त्याची सगळी मदार याच वाटेवर असते.

पण दुकानात पळत जाऊ नको. `Slots used` हा आकडा कधी कधी फसवतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते आणि विंडोज तिलाही स्लॉट म्हणून मोजतं. त्याच जागी `Form factor: Row of chips` दिसलं तर समजायचं की ती रॅम काढता येत नाही. आपल्याकडं तेच दिसतंय. म्हणजे ४ जीबी पक्की चिकटलेली आहे. दुसरी जागा खरंच रिकामा स्लॉट आहे की नुसता कागदावरचा, हे मागचं झाकण उघडूनच कळेल. शनिवारी मी येतो तेव्हा उघडू. तू एकटा स्क्रूड्रायव्हर घेऊ नको.

"आय-थ्री आहे ना, म्हणजे फालतू" हे कोण म्हणालं?

तुझा तिसरा प्रश्न प्रोसेसरचा होता. आपला `i3-1005G1` आहे, २०१९ चा. रायटच्या यादीत ६० एफपीएसच्या पायरीवर `i3-4150` लिहिलाय, तो २०१४ चा. दोन्ही आय-थ्री, दोघांनाही दोन कोअर. मग आपला नवीन आहे म्हणजे सरस असणार, असं वाटतं.

थोड्या वेळासाठी ते खरंही आहे. पण 4150 हा डेस्कटॉपचा प्रोसेसर, त्याला ५४ वॉट खायची परवानगी. आपला लॅपटॉपचा, त्याचं जेवण १५ वॉटचं. त्याच १५ वॉटमध्ये ग्राफिक्सचं पण भागवायचं असतं. आपला प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावू शकतो, पण त्याचा मूळ वेग १.२ आहे. गेम सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं तो जोरात पळतो, मग तापतो आणि आपोआप हळू होतो.

हे ओळखायचं कसं? पहिला राउंड मस्त गेला आणि वीस-पंचवीस मिनिटांनी गेम जड वाटायला लागला, तर तो उष्णतेचा प्रकार. पहिल्या मिनिटापासूनच अधूनमधून गोठत असेल, तर तो रॅमचा. आणि चार्जर काढल्या काढल्या एफपीएस पडले तर तो बॅटरीचा, कारण बॅटरीवर लॅपटॉप ताकद आखडती घेतो. तिन्ही वेगळे आजार आहेत आणि तिन्हींना लोक एकच नाव देतात, "लॅग". नेटचा लॅग तर चौथाच. त्यात चित्र सुरळीत चालतं, पण मारलेली गोळी उशिरा लागते.

त्यामुळं खेळताना चार्जर लावून ठेवायचा. लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही, कारण हवा आत घ्यायची जाळी खालच्या बाजूला आहे आणि गादीनं ती बंद होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तो एरर

तुला गेम उघडताना `VAN9003` दिसला. हा एरर ग्राफिक्सचा नाहीच. मित्र म्हणतोय, "बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू कर, दोन मिनिटांचं काम आहे." त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण घाई करायची नाही.

व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचं एक सॉफ्टवेअर येतं. चीटिंग करणाऱ्यांना पकडणं हे त्याचं काम. काही चीट विंडोजच्याही आधी सुरू होऊन लपून बसतात, म्हणून व्हॅनगार्डला आधी खात्री हवी असते की लॅपटॉप सुरू होताना मधे कोणी घुसलेलं नाही. विंडोज ११ वर त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे टीपीएम २.० आणि दुसरी म्हणजे सिक्युअर बूट. टीपीएम आपल्याकडं आहे, `tpm.msc` मध्ये `Specification Version: 2.0` दिसतंय. सिक्युअर बूट मात्र बंद आहे. गेल्या दिवाळीत लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता ना, बहुतेक तेव्हा पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकताना बंद केलं असणार आणि परत चालू करायचं राहिलं.

आता तू काहीही न बदलता एवढंच कर. विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाब, हे टाइप कर आणि एंटर मार:

```
msinfo32
```

त्यात दोन ओळी शोध. `BIOS Mode` आणि `Secure Boot State`.

`BIOS Mode` समोर `UEFI` असेल तर ठीक. पण तिथं `Legacy` असेल तर थांब. तशा लॅपटॉपवर बायोसमध्ये जाऊन मोड बदलला आणि सिक्युअर बूट चालू केलं, तर विंडोज सुरूच होत नाही, काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस नाही असा मेसेज येतो. डेटा गेलेला नसतो, जुनी सेटिंग परत लावली की चालू होतं. पण सकाळी नऊला दुकान उघडताना पप्पांना ती काळी स्क्रीन दिसली तर काय होईल, तुला माहितीये.

दुसरी भीती मोठी आहे. Settings मध्ये `Privacy & security` आणि त्यात `Device encryption` बघ. ते `On` असेल तर डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद आहे. अशा लॅपटॉपवर सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की लॅपटॉपला वाटू शकतं की कोणीतरी छेडछाड केली, आणि तो निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. की नसेल तर डेटा परत मिळत नाही. कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडं नेलास तरी नाही.

माझ्या ऑफिसातल्या एकाचं हेच झालं. त्याची की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये होती, पण ते अकाउंट लॅपटॉप विकताना दुकानदारानं स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं होतं. दुकानदाराला पासवर्ड आठवायला तीन दिवस लागले. तोवर लॅपटॉप नुसता पडून.

म्हणून `On` असेल तर आधी लॅपटॉपवर कुणाचं अकाउंट आहे ते बघायचं. मग `aka.ms/myrecoverykey` वर जाऊन की उघडते का ते तपासायचं आणि ती कागदावर लिहून घ्यायची. लॅपटॉपमध्येच सेव्ह करायची नाही, कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवून काय उपयोग? आणि `On` असो वा `Off`, पप्पांच्या बिलिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय बायोसला हात लावायचा नाही.

अजून एक. व्हॅनगार्ड विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालतं आणि साधारणपणे लॅपटॉप सुरू होतानाच सुरू होतं. म्हणजे पप्पा बिल करत असतानाही ते मागे असणार. तुझा वेगळा युजर बनवला तरी यात फरक पडत नाही, कारण ते एका युजरपुरतं नसतंच. खाली उजव्या कोपऱ्यातल्या त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून ते बंद करता येतं, मात्र परत गेम खेळायचा तर लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागतो. नको असेल तर पूर्ण काढूनही टाकता येतं. पण लॅपटॉप पप्पांचा आहे, तर ठेवायचं की नाही हे पप्पांनी ठरवायचं. त्यांना सगळं सांग आणि विचार. त्यांना न सांगता टाकलंस आणि मला कळलं तर रॅमचं विसर.

शनिवारी येतो. तोवर नवीन लॅपटॉपचा विषय घरात काढायचा नाही.

मग शनिवारी काय झालं?

मेसेज इथं संपला. आता पुढचं सांगतो, कारण नुसत्या हिशेबावर तुम्ही तरी विश्वास का ठेवायचा?

शनिवारी कराडला पोचलो तेव्हा छोट्यानं `msinfo32` चा फोटो काढून ठेवला होता. `BIOS Mode` समोर `UEFI`, `Secure Boot State` समोर `Off`. `Device encryption` पण `Off` निघालं, म्हणजे आम्ही सुटलो. आधी पप्पांच्या बिलिंगचा बॅकअप घेतला. मग पप्पांना व्हॅनगार्ड काय आहे ते सांगितलं. ते म्हणाले, "दुकानाच्या वेळेत बंद राहिलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा." त्यानंतर बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू केलं. विंडोज नीट सुरू झालं आणि गेमही उघडला.

रॅम लगेच घातली नाही. आधी आहे त्या ४ जीबीवर मोजायचं ठरलं, नाहीतर फरक कळणार कसा? गेमच्या Video सेटिंगमध्ये Stats आहे, तिथं `Client FPS` चालू केलं. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणलं, ग्राफिक्सच्या सगळ्या क्वालिटी `Low` केल्या. सरावाच्या मैदानात एकट्यानं फिरताना चाळीसच्या पुढं एफपीएस दिसत होते. छोट्या खूश. मग खरी मॅच लावली. धूर सोडला, चार जण एकत्र आले आणि आकडा विशीत आला. मधे दोनदा गेम पूर्ण गोठला. एकदा तर गोठलेला सुटेपर्यंत छोट्या मेलेला होता.

सरावाच्या मैदानावरचा आकडा बघून खूश होऊ नका, तो यासाठी. बघायचा तो गर्दीतला सगळ्यात खालचा आकडा.

दुपारी झाकण उघडलं. स्लॉट खरंच रिकामा होता. दुकानात जाऊन लॅपटॉपची डीडीआर-४ रॅम मागितली, ८ जीबीची. इथं दोन गोष्टी नीट सांगाव्या लागतात. लॅपटॉपची रॅम आखूड असते, डेस्कटॉपची लांब, ती बसत नाही. आणि डीडीआर-३ किंवा डीडीआर-५ ची खाच वेगळ्या जागी असते, तीही बसत नाही. जोर लावून बसवायची वेळ आली तर समजायचं की तुकडा चुकीचा आहे.

४ आणि ८ अशी जोडी असली की पहिले ४ अधिक ४ जीबी दोन वाटांनी चालतात आणि उरलेले ४ एका वाटेनं. आमच्या कामाला ते पुरेसं होतं, आणि पप्पांचं बिलिंगही आता ब्राउझर उघडा असताना रखडत नाही.

संध्याकाळी त्याच सेटिंगवर परत मॅच. एकट्यानं फिरताना साठच्या पुढं. तेव्हा गेममध्येच ६० ची मर्यादा घातली, कारण त्याच्या वर स्क्रीन दाखवणार नाही आणि लॅपटॉप उगाच तापणार. गर्दीत आकडा पन्नासच्या आसपास राहिला. गोठणं बंद झालं. अर्ध्या तासानं उष्णतेनं आकडा चाळिशीत उतरला, तेव्हा लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन जुन्या वह्या सारून तो थोडा उचलला. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. १५ वॉटच्या प्रोसेसरकडून याहून जास्त मागणं चूक आहे.

मॅप उघडायला अजूनही वेळ लागतो. मित्र आत जाऊन उभा असतो तेव्हा छोट्याच्या स्क्रीनवर अजून लोडिंगच चालू असतं. तो दोष फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा. एसएसडी टाकली तर ते जाईल, पण एफपीएस त्यानं वाढणार नाहीत. ते दिवाळीला बघू, असं ठरलंय.

आणि हो, हे उत्तर व्हॅलोरंटपुरतंच आहे. हा गेम मुद्दाम साध्या कॉम्प्युटरसाठी हलका बनवलेला आहे, म्हणून एका रॅमवर भागलं. उद्या मित्राची आवड बदलली आणि त्यानं एखादा नवा, जड ओपन वर्ल्ड गेम धरला, तर या लॅपटॉपचं उत्तर "नाही" असंच असेल. प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स बदलता येत नाही, रॅम कितीही घाला.

पप्पांनी हप्त्याचं फॉर्म भरायला आणलं होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता खताच्या स्टॉकचा हिशेब लिहिलाय. आणि रविवारी सकाळी छोट्याच्या मित्राचा मेसेज आला होता, "रात्री नऊला ये, आपण पाच पूर्ण झालो."

नऊ वाजता दुकान बंद होतं. तोवर व्हॅनगार्डही बंद.